रिफाइनमेंटमध्ये B ऋण येतोय? बंधाच्या ताठपणाबद्दल बोलण्याआधी स्लिट तपासा

लॅबमध्ये दर सेमिस्टरला ही तक्रार ठरलेली असते. पावडरचा एक्सआरडी डेटा घेतला, रीटवेल्ड रिफाइनमेंट केलं, पीकच्या जागा तंतोतंत जुळल्या, आकारही जुळले. पण मोठ्या कोनावरच्या पीकची उंची काही केल्या बसत नाही, आणि ती बसवायला अणूंच्या थरथरीचा आकडा B मोकळा सोडला की तो -०.७ वगैरे होऊन बसतो. मग कुणीतरी सांगतं, "अरे, ०.५ वर फिक्स कर आणि पुढे चल." चालतं तसं, पेपरही निघतो. फक्त त्या B वरून नंतर कुणी "या संयुगात बंध ताठ आहेत" असं वाक्य लिहिलं, तर त्या वाक्याला काही आधार उरत नाही.

ही पोस्ट त्यासाठी. उदाहरण मुद्दाम साधं घेतलंय, ॲल्युमिनियमची पावडर, कॉपर के-अल्फा किरण (तरंगलांबी १.५४०६ अँगस्ट्रॉम) आणि नेहमीचं ब्रॅग-ब्रेंटानो यंत्र. एकच प्रकारचा अणू, ओळखीची रचना. त्यामुळे गडबड झाली तर ती रचनेत नाही, मोजणीत आहे हे लगेच कळतं.

B नेमकं काय करतो

अणू आपल्या जागी थरथरत असतो. एक्स-रेला तो बिंदूसारखा न दिसता थोडा पसरलेला दिसतो. लहान कोनावर, म्हणजे प्रतलांमधलं अंतर मोठं असताना, हा पसरटपणा त्या अंतराच्या मानाने किरकोळ असतो. मोठ्या कोनावर अंतर एक अँगस्ट्रॉमच्याही खाली जातं, आणि तिथे तेवढीच थरथर लाटांचा मेळ चांगलाच बिघडवते. पीकच्या तीव्रतेला म्हणून हा गुणक लागतो:

```
exp(-2 B s²),   s = sinθ/λ,   B = 8π²<u²>
```

`<u²>` म्हणजे प्रतलाला लंब दिशेतल्या विस्थापनाच्या वर्गाची सरासरी. B चौरस अँगस्ट्रॉममध्ये मोजतात. पुढे दर वेळी एकक लिहीत नाही.

दोन गोष्टी इथेच स्पष्ट करतो, कारण गोंधळ बहुतेक तिथूनच सुरू होतो. पहिली म्हणजे थरथरीमुळे पीक रुंद होत नाही, फक्त खुजं होतं. हरवलेली तीव्रता पार्श्वभूमीत विखुरते. १९१२ साली म्युनिकमध्ये लाउए यांच्या प्रयोगाआधी नेमकी हीच शंका घेतली जात होती, की उष्णतेच्या हालचालीने सगळा नमुना पुसून जाईल. तसं झालं नाही. का झालं नाही, हे डिबाय यांनी पुढच्याच वर्षी गणिताने दाखवलं आणि १९२३ मध्ये वॉलर यांनी त्या सूत्रातला दोनचा गुणक दुरुस्त केला. म्हणून मोठ्या कोनावर पीक रुंद दिसत असेल, तर त्याचं खापर B वर फोडू नका. कणांचा आकार, विकृती किंवा यंत्र बघा.

दुसरी गोष्ट म्हणजे सॉफ्टवेअर कोणती राशी मागतंय ते बघा. फुलप्रूफमध्ये `Biso` असतो, जीसॅस-२ मध्ये `Uiso`. दोघांत ७९ पटींचा फरक. `Uiso` च्या रकान्यात सवयीने ०.५ टाकलं, तर प्रत्यक्षात B जवळपास ४० दिल्यासारखं होतं आणि लहान कोनावरचे एकदोन पीक सोडले तर गणलेला सगळा नमुना गायब होतो. हा प्रकार निदान लगेच दिसतो, म्हणून फार त्रासाचा नाही.

ॲल्युमिनियमचे आकडे

खोलीच्या तापमानाला ॲल्युमिनियमचा B साधारण ०.८६. (111) चा पीक ३८.५ अंशांवर येतो, तिथे s² आहे ०.०४६ आणि गुणक ०.९२. (400) चा पीक ९९.१ अंशांवर, गुणक ०.६६. १४० अंशांपर्यंतच्या मोजणीत कॉपर किरणांनी मिळणारा शेवटचा पीक (422), १३७.५ अंशांवर, तिथे s² ०.३६६ आणि गुणक ०.५३. म्हणजे शेवटच्या पीकची निम्मी तीव्रता थरथरीने खाल्ली.

आता B ऋण येण्याचा अर्थ बघा. रिफाइनमेंट सांगतंय की कोन वाढतो तशी मोजलेली तीव्रता गणितापेक्षा वाढत जाते. थरथर उणे असू शकत नाही. तेव्हा एक तर मोठ्या कोनावर कुठून तरी जास्तीची तीव्रता येतेय, नाहीतर लहान कोनावरची कुठेतरी गळतेय. स्केल फॅक्टर मोकळा असल्यामुळे या दोहोंत प्रोग्रामला फरक कळत नाही. त्याच्यासाठी दोन्ही एकच.

पहिला संशयित: आपोआप उघडणारी स्लिट

बऱ्याच यंत्रांवर डायव्हर्जन्स स्लिट दोन पद्धतींनी चालते. स्थिर स्लिटमध्ये उघडीप कायम राहते. ऑटोमॅटिक स्लिट कोनाबरोबर उघडत जाते, म्हणजे नमुन्यावर पडणाऱ्या प्रकाशपट्ट्याची लांबी कायम राहते. दुसऱ्या पद्धतीत नमुन्यावर पडणारा झोत sinθ च्या प्रमाणात वाढतो. डेटा असा घेतला आणि रिफाइनमेंटला "स्थिर स्लिट" सांगितलं (बहुतेक ठिकाणी काही न सांगितल्यास तेच गृहीत असतं), तर काय होईल?

ॲल्युमिनियमच्या (111) पासून (422) पर्यंत sinθ ०.३३ वरून ०.९३ वर जातो, २.८ पट. थरथरीने तीव्रता जेवढी पाडली, त्याहून जास्त स्लिटने चढवली. हा चढ B मधून भरून काढायचा म्हटलं तर B सुमारे १.६ ने घटतो: ०.८६ चा होतो -०.७६. माझ्याकडे येणाऱ्या ऋण B च्या तक्रारींत बहुतांश वेळा हेच निघतं, आणि ऑपरेटरला विचारल्यावर "हो, ऑटो होती" एवढंच उत्तर येतं.

उपाय सोपा आहे. प्रोग्राममध्ये स्लिटचा प्रकार बरोबर निवडा. तीव्रता हाताने sinθ ने भागायची असेल, तर तिच्यासोबत चुकीचा अंदाजही भागून वेगळ्या रकान्यात द्या. नाहीतर प्रोग्राम भागलेल्या आकड्याचं वर्गमूळ घेऊन भलतंच वजन लावतो, आणि एक चूक काढताना दुसरी आत शिरते.

दुसरा संशयित: झोत नमुन्याबाहेर सांडतोय

हा जास्त घातक आहे, कारण इथे B ऋण होत नाही. नुसता लहान होतो, आणि लहान पण धन B कडे कुणी संशयाने बघत नाही.

स्थिर स्लिटमध्ये प्रकाशपट्ट्याची लांबी साधारण `R·δ/sinθ` असते. R गोनिओमीटरची त्रिज्या, δ रेडियनमधली उघडीप. त्रिज्या २४० मिमी आणि स्लिट १ अंशाची असेल, तर लांबी ४.१९/sinθ मिमी. आता पावडर थोडीच आहे म्हणून १० मिमीच्या खाचेत भरली. (111) वर पट्टा पडतो १२.७ मिमीचा. झोत सगळीकडे सारखा धरला तर फक्त ७९ टक्के किरण नमुन्यावर, बाकीचे होल्डरवर. (200) वर ९१ टक्के. ४९.५ अंशांच्या पुढे सगळं आत मावतं.

गळती फक्त पहिल्या दोन पीकमध्ये आहे. पण नऊ पीकना सारखं वजन देऊन सरळ रेषा बसवली, तर B ०.८६ वरून ०.६१ वर येतो. प्रत्यक्ष रिफाइनमेंटमध्ये हे दोन पीक सर्वात तीव्र, म्हणून त्यांचं वजन आणखी जास्त. आकडा दिसायला एकदम सज्जन, आणि त्यावरून काढलेला ताठपणा ४० टक्क्यांनी फुगलेला!

नमुन्याचा पृष्ठभाग खडबडीत असणं, किंवा कण जाड असल्याने तीव्र पीकमध्ये एक्स्टिंक्शन होणं, यांचाही परिणाम याच दिशेने होतो. लहान कोनावरची तीव्रता खाली येते. खडबडीतपणा विशेषतः एक्स-रे जास्त शोषणाऱ्या पावडरमध्ये छळतो, उदाहरणार्थ शिशाची संयुगं, किंवा कॉपर किरणांखाली लोहाची ऑक्साइडं. प्रोग्राममध्ये खडबडीतपणाची दुरुस्ती असते, पण ती आणि B दोन्ही एकदम मोकळे सोडू नका. दोघं एकमेकांना इतकी बिलगलेली असतात की कोणताही आकडा मिळू शकतो.

ओळखायचं कसं

B शून्यावर ठेवून तीव्रता गणा. मोजलेल्या आणि गणलेल्या तीव्रतेच्या गुणोत्तराचा लॉगॅरिदम घ्या आणि तो s² समोर काढा. हा आलेख रिफाइनमेंटच्या शेवटच्या आर-फॅक्टरपेक्षा जास्त बोलतो.

```python
import numpy as np
# Iobs, Icalc0: प्रत्येक पीकचं क्षेत्रफळ; Icalc0 साठी B = 0
a = 4.0495
N = np.array([3, 4, 8, 11, 12, 16, 19, 20, 24])  # h²+k²+l²
s2 = N / (4 * a**2)
y = np.log(Iobs / Icalc0)
m, c = np.polyfit(s2, y, 1)
print("B =", -m / 2)
```

खरी थरथर असेल तर बिंदू उतरत्या सरळ रेषेवर येतात. झोत सांडत असेल तर पहिले एकदोन बिंदू रेषेच्या खाली झुकतात आणि पुढची रेषा सरळ असते. वाकण्याची जागा वरच्या सूत्रातून आधीच काढता येते, तेव्हा ती जुळते का बघा. जुळली तर ते पीक वगळून पुन्हा रेषा बसवा, किंवा अर्ध्या अंशाच्या स्लिटने पुन्हा मोजा. ऑटोमॅटिक स्लिटमध्ये रेषा वर चढते आणि चढताना वाकते, कारण s च्या लॉगॅरिदमचा आलेख s² समोर सरळ येत नाही.

बिंदू रेषेच्या वरखाली विस्कटलेले असतील, तर (111) आणि (222) ची जोडी बघा, मग (200) आणि (400) ची. एकाच दिशेची प्रतलं एकाच बाजूला सरकलेली असतील, तर पसंतीची दिशा आहे, म्हणजे पत्रीसारखे कण दाबताना आडवे बसलेत. ते B ने सुटणारं नाही. नमुना बाजूने भरा.

शेवटच्या पीककडे वेगळं लक्ष द्या. १३० अंशांपलीकडे के-अल्फा-१ आणि के-अल्फा-२ लांब फुटतात, शेपट्या पसरतात. पार्श्वभूमीची रेषा जरा वर ओढली गेली की शेपटी कापली जाते आणि B विनाकारण वाढतो. उलट, विखुरलेल्या औष्णिक तीव्रतेचा फुगवटा पीकच्या बुडाशीच असतो. तो पीकमध्ये मोजला गेला की B थोडा कमी येतो. हा दोष साध्या यंत्रावर पूर्ण काढता येत नाही, म्हणून B चा दुसरा दशांश मी फारसा मनावर घेत नाही.

दोन तापमानांची युक्ती

यंत्रावर थंड करायची सोय असेल, तर सगळ्यात भरवशाचा उपाय हाच. नमुना न हलवता, तोच होल्डर, तीच स्लिट ठेवून खोलीच्या तापमानाला आणि १०० केल्विनला मोजा. सांडलेला झोत, खडबडीतपणा वगैरे दोष दोन्ही वेळा तेवढेच असतात, म्हणून B मधल्या वजाबाकीत ते उडून जातात. नमुना काढून पुन्हा भरला तर मात्र ही युक्ती संपली.

डिबाय यांच्या प्रारूपातून B असा येतो (M अणुभार, Θ डिबाय तापमान, φ डिबाय फलन):

```
B = (11490/(M Θ)) [ φ(Θ/T)·(T/Θ) + 1/4 ]
```

ॲल्युमिनियमसाठी Θ ३९५ केल्विन धरलं, तर २९५ केल्विनला B ०.८४ आणि १०० केल्विनला ०.३८ यायला हवा. फरक ०.४६. समजा, तुमच्या सांडणाऱ्या झोताने दोन्हीतून ०.२५ खाल्ले, म्हणून ०.५९ आणि ०.१३ मिळाले. फरक तरी ०.४६ च, आणि त्यावरून Θ बरोबर निघतं.

शिवाय ०.१३ हा आकडा स्वतःच चोर पकडून देतो. सूत्रातला पाव भाग म्हणजे शून्य-बिंदू कंपन, जे कितीही थंड केलं तरी जात नाही. ॲल्युमिनियमसाठी तो भाग ०.२७ आहे. मोजलेला B त्याच्या खाली गेला तर तो धन असला तरी अशक्यच. ऋण B जेवढा चुकीचा, तेवढाच हाही. कोणत्याही मूलद्रव्यासाठी हा तळ `2872/(M Θ)` ने काढता येतो. मी तो आधी काढून ठेवतो आणि मगच रिफाइनमेंट उघडतो. (हे कंपन खरोखर आहे याचा पुरावाही एक्स-रेनेच मिळाला होता. जेम्स, वॉलर आणि हार्ट्री यांनी १९२८ मध्ये सैंधवाच्या स्फटिकावरून तो मांडला.)

उलट बाजूनेही ही चाचणी उपयोगी पडते. थंड केल्यावरही B खूप मोठा राहिला, तर तो थरथरीचा नाही. अणू कायमचे थोडे इकडेतिकडे सरकलेले आहेत, जसं लहानमोठे अणू मिसळलेल्या मिश्रधातूत होतं. किंवा तुम्ही त्या जागेवर चुकीचा अणू ठेवलाय, नाहीतर भरती १०० टक्के धरलीय पण तिथे रिकाम्या जागा आहेत. भरती आणि B एकमेकांची सोंगं छान घेतात, विशेषतः डेटा ९० अंशांपर्यंतच असेल तेव्हा.

आता ताठपणा

एवढं झाल्यावर B चा अर्थ लावायला हरकत नाही. तापमान Θ च्या मानाने फार कमी नसेल, तर अणूला जागेवर धरणाऱ्या स्प्रिंगचा सरासरी स्थिरांक सरळ मिळतो:

```
K ≈ kT/<u²> = 8π² kT/B
```

ॲल्युमिनियमसाठी `<u²>` येतो ०.०१०९, म्हणजे थरथर ०.१० अँगस्ट्रॉमची, आणि K सुमारे ३७ न्यूटन प्रति मीटर. शिशासाठी B साधारण २.२ आहे. थरथर ०.१७ अँगस्ट्रॉम, K जेमतेम १५. शिशाचा (531) पीक १३४ अंशांवर येतो आणि तिथे तीव्रतेचा गुणक फक्त ०.२१ उरतो, ऐंशी टक्के गेले. शिशाच्या डेटात मोठ्या कोनावर काही दिसत नाही म्हणून ट्यूब बदलायला निघण्याआधी हा आकडा आठवा.

या सूत्रात वस्तुमान कुठेच नाही, हे नीट बघा. शिशाचा अणू ॲल्युमिनियमच्या पावणेआठ पट जड, तरी तोच जास्त हलतो. जड अणू हळू हलतो, पण किती लांब जाईल हे उष्णता आणि ताठपणाच ठरवतात. "जड अणू, म्हणून B लहान" हे वाक्य प्रबंधांत सर्रास सापडतं. खोलीच्या तापमानाला, मऊ पदार्थांत, ते खोटं आहे. वस्तुमान शिरतं ते शून्य-बिंदू भागातून, म्हणून हलक्या आणि ताठ पदार्थांत. हिऱ्यात खोलीच्या तापमानालाही बहुतेक थरथर शून्य-बिंदूचीच असते. तिथे वरचं साधं सूत्र लावलं तर ताठपणा खऱ्यापेक्षा कमी येतो. पूर्ण डिबाय सूत्रच घ्या.

K म्हणजे एका बंधाची ताकदही नव्हे. शेजारच्या सगळ्या अणूंनी मिळून धरलेल्या जागेचा तो ताठपणा आहे, आणि या सरासरीत कमी वारंवारतेच्या कंपनांना फार वजन मिळतं. एखादं मऊ कंपन असेल तर B लगेच फुगतो, बाकीचे बंध कितीही कडक असोत. म्हणूनच B वरून काढलेलं Θ आणि अगदी कमी तापमानाच्या विशिष्ट उष्णतेवरून काढलेलं Θ तंतोतंत जुळत नाहीत. ॲल्युमिनियमसाठी दुसऱ्या पद्धतीचा आकडा ४२८ केल्विन आहे. ३९५ आणि ४२८ मधला फरक ही तुमची चूक नाही, ती जुळवायला बसू नका.

अनेक प्रकारचे अणू असलेल्या संयुगात B ची खरी गंमत तुलनेत असते. एकाच डेटातून, एकाच नमुन्यातून आलेले B असतील तर यंत्राचा दोष सगळ्यांना जवळपास सारखाच चिकटतो, आणि कोणता अणू सैल बसलाय हे तरीही दिसतं. भरलेल्या स्कटरुडाइटमध्ये पिंजऱ्यात बसलेल्या लँथॅनमचा B बाकीच्या अणूंपेक्षा कितीतरी मोठा येतो. तो जड आहे, पण पिंजरा त्याच्यासाठी ऐसपैस आहे आणि बंध ढिले. अशा वेळी सगळ्या अणूंना एकच B देऊन "एकूण B" काढला, तर नेमकी सांगण्यासारखी गोष्टच त्या सरासरीत बुडते. आणि ग्राफाइटसारख्या थरांच्या पदार्थात एका अणूलाही एक B पुरत नाही. थरांच्या दिशेने तो ताठ असतो, थरांना लंब सैल, आणि (00l) चे बिंदू वरच्या आलेखात बाकीच्यांपेक्षा जास्त उताराच्या वेगळ्या रेषेवर पडतात. तसं दिसलं की दिशेनुसार बदलणारे B घाला. पण पसंतीची दिशा आधी वगळल्याशिवाय नको, कारण ग्राफाइटच्या पत्र्या खाचेत आडव्या पडल्या की (00l) चे बिंदू तिच्यामुळेही इतरांपासून वेगळे पडतात. फरक एवढाच, की तेव्हा ते सगळे सारख्याच प्रमाणात वर सरकतात, उतार बदलत नाही.